देवळात जाणं, शिक्षण आणि उत्पन्न: रिग्रेशनचं मॉडेल कोणतं घेऊ?

मृण्मयी_नौपाडा

नमस्कार मंडळी. समाजशास्त्रातला माझा पेपर एका जागी अडकलाय. इथे संख्याशास्त्रवाले बरेच आहेत म्हणून धागा काढते.

गेल्या हिवाळ्यात ठाणे शहरात मी ३२० जणांची पाहणी केली. ठिकाणं १६, प्रत्येक ठिकाणी २० माणसं. नौपाड्यातल्या जुन्या सोसायट्या, कळव्यातल्या चाळी, वर्तकनगर, घोडबंदर रोडचे टॉवर, मुंब्रा-कौसा असं सगळं थोडंथोडं घेतलं. मुख्य प्रश्न असा होता: "प्रार्थनास्थळी तुम्ही साधारण किती वेळा जाता?" उत्तरं चारच ठेवली होती. कधीच नाही, फक्त सणासुदीला, महिन्यातून एकदोनदा, आणि दर आठवड्याला किंवा जास्त.

शिक्षणाचे सध्या दोनच गट केलेत. पदवीपेक्षा कमी १६० आणि पदवीधर १६० (मुद्दाम तसंच निवडलं होतं). तक्ता असा आहे:

| | कधीच नाही | सणाला | महिन्यातून | आठवड्याला |
|---|---|---|---|---|
| पदवीपेक्षा कमी | २४ | ४८ | ३२ | ५६ |
| पदवीधर | ८ | ७२ | ४८ | ३२ |

उत्तरांना १ ते ४ आकडे देऊन साधं लिनिअर रिग्रेशन केलं. एका गटाची सरासरी २.७५, दुसऱ्याची २.६५. काहीच नाही! मग कोणीतरी ऑर्डर्ड लॉजिट सुचवलं. ते केलं तर पदवीधरांचा ऑड्स रेशो ०.८१ आणि पी व्हॅल्यू ०.३१. म्हणजे पुन्हा काहीच नाही. उत्पन्न, वय, लिंग घातलं तरी फारसं हलत नाही. माझे मार्गदर्शक म्हणतात, "संबंध नाही असं लिहून टाक, तोही निष्कर्षच असतो." पण तक्ता बघितला की मन मानत नाही. मॉडेल चुकतंय का?

---

आकडेमोड_ऐरोली

मी बँकेत रिस्क मॉडेलिंग करतो, रोज रिग्रेशनच खातो. दोन गोष्टी सांगतो.

एक, चार पायऱ्यांच्या उत्तरावर लिनिअर लावलं म्हणून आभाळ कोसळत नाही. लिनिअर आणि ऑर्डर्ड लॉजिट बहुतेक वेळा एकाच दिशेला बोट दाखवतात, तुमच्याकडेही तेच झालंय. दोन, शिक्षण आणि उत्पन्न एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणजे मल्टिकोलिनिअॅरिटी. व्हीआयएफ काढा, जास्त आला तर दोनातलं एक काढून टाका, दुसरं आपोआप सिग्निफिकंट होईल.

नाहीतर सरळ पॉयसॉन लावा. "किती वेळा" हा मोजणीचाच प्रश्न आहे ना?

---

चरईचे_काका

शिकलेले लोक देवळात जात नाहीत हा समज मुळातच चुकीचा आहे. माझा मुलगा एमटेक आहे आणि दर सोमवारी ऑफिसला जाताना कोपिनेश्वराला जातोच. आमच्या वेळी तर तलावपाळीला फिरायला जाणारा प्रत्येक माणूस आधी कोपिनेश्वराचं दर्शन घ्यायचा, मग तो प्राध्यापक असो की हमाल. या गोष्टी तक्त्यात मावत नाहीत हो. देवाला मोजून काय मिळणार?

---

मृण्मयी_नौपाडा

काका, देवाला नाही मोजत, जाणाऱ्यांना मोजते :) आणि शिकलेले जात नाहीत असं मी म्हटलेलंच नाही. उलट माझ्या तक्त्यात "कधीच नाही" म्हणणारे पदवीधर कमी आहेत.

@आकडेमोड_ऐरोली, व्हीआयएफ २ च्या आत आहे. आणि शिक्षण एकटं घातलं तरी ०.८१ च येतं, त्यामुळे उत्पन्नाचा दोष दिसत नाही.

---

शिल्पा_संख्या

मृण्मयी, मन मानत नाही ते बरोबरच आहे. (मी पंचवीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, आता वाशीला घरी असते, त्यामुळे उत्तर लांबणार.)

आधी पॉयसॉनचं. मोजणीचं मॉडेल तेव्हा, जेव्हा तुमच्याकडे "गेल्या तीस दिवसांत सात वेळा" अशी कच्ची संख्या असते. तुम्ही चार खणांत उत्तरं घेतलीत, त्यातली संख्या तिथेच गेली. ३ आणि ४ या नुसत्या खुणा आहेत, भेटींची संख्या नाही.

आता मुख्य गोष्ट. मॉडेल बाजूला ठेवा आणि कॅल्क्युलेटर घ्या. तुमच्या चार खणांत तीन भिंती आहेत. प्रत्येक भिंतीपाशी तक्ता उभा कापा, जास्त वेळा जाणाऱ्यांना कमी वेळा जाणाऱ्यांनी भागा, आणि पदवीधरांच्या ऑड्सना दुसऱ्या गटाच्या ऑड्सनी भागा. तीन आकडे येतील, ते इथे टाका. पुढचं मग बोलू.

---

मृण्मयी_नौपाडा

केलं.

पहिली भिंत, "कधीच नाही" विरुद्ध बाकी सगळे: पदवीधर १५२/८ = १९. कमी शिक्षण १३६/२४ = ५.६७. भागाकार ३.३५.

दुसरी भिंत, महिन्यातून किंवा जास्त विरुद्ध त्याहून कमी: ८०/८० = १ आणि ८८/७२ = १.२२. भागाकार ०.८२.

तिसरी भिंत, आठवड्याला विरुद्ध बाकी: ३२/१२८ = ०.२५ आणि ५६/१०४ = ०.५४. भागाकार ०.४६.

अरे देवा. एक आकडा एकाच्या खूप वर आणि एक निम्म्याच्या खाली!

---

शिल्पा_संख्या

हेच दाखवायचं होतं. ऑर्डर्ड लॉजिट असं धरून चालतं की तिन्ही भिंतींपाशी हा भागाकार एकच आहे, आणि मग तिन्हींचा मिळून एकच आकडा देतं. तुमच्याकडे ३.३५, ०.८२ आणि ०.४६ यांना एकत्र मळून ०.८१ तयार झाला. लिनिअरमध्येही तेच झालं. पदवीधर दोन्ही टोकांकडून मधे सरकलेत, "कधीच नाही" १५ टक्क्यांवरून ५ वर आणि "आठवड्याला" ३५ वरून २० वर. टोकं आत आली आणि सरासरी जागची हलली नाही. त्यामुळे दोन मॉडेलं एकमेकांशी जुळली यात समाधान मानू नका, ती दोन्ही एकाच जागी आंधळी आहेत.

"संबंध नाही" आणि "संबंध एका आकड्यात मावत नाही" यात फरक आहे. तुमच्या मार्गदर्शकांना हा तीन भागाकारांचा कागद दाखवा, मॉडेलचं नावही काढू नका.

---

आकडेमोड_ऐरोली

मान्य, तीन भिंतींचा विचार केला नव्हता. आमच्याकडे उत्तर कायम "बुडीत" किंवा "चालू" असंच असतं, त्यामुळे भिंत एकच. मग मल्टिनॉमियल लॉजिट लावा की. त्यात तिन्ही भिंतींना एकच आकडा हे गृहीतक नाही, प्रश्न मिटला.

---

शिल्पा_संख्या

मिटला नाही, महाग पडला. मल्टिनॉमियलला "सणाला" आणि "आठवड्याला" यांतला क्रम माहीतच नसतो. त्याच्या लेखी ती चार वेगळ्या रंगांची फुलं. शिवाय ते प्रत्येक चलासाठी तीन गुणक काढणार, वयालाही तीन, लिंगालाही तीन. मृण्मयीच्या एका खणात आठच माणसं आहेत हे विसरू नका.

मी मधला रस्ता घेईन. शिक्षणाला प्रत्येक भिंतीपाशी वेगळा गुणक, बाकीच्यांना एकच. याला पार्शल प्रपोर्शनल ऑड्स म्हणतात. स्टाटात `gologit2`, आर मध्ये `VGAM`:

```r
library(VGAM)
m <- vglm(jane ~ padvi + log_utpanna + vay + stri,
          family = cumulative(parallel = FALSE ~ padvi,
                              reverse = TRUE),
          data = d)
summary(m)
```

`jane` हा `ordered` फॅक्टर असायला हवा. आणि `reverse = TRUE` विसरलात तर चिन्हं उलटी येतात, कारण मग ते "इतकं किंवा कमी" याचे ऑड्स काढतं. माझ्या एका विद्यार्थिनीने त्या उलट्या चिन्हांवर अख्खं प्रकरण लिहिलं होतं. तक्त्यातल्या हाताने काढलेल्या भागाकारांशी ताडून पाहा म्हणजे लगेच कळेल.

बाकी चल समांतर आहेत का, हे आधी `polr` चालवून त्यावर `brant` चाचणी लावून बघा. पण तिच्या पी व्हॅल्यूवर विसंबू नका. नमुना मोठा असला की ती किरकोळ फरकावरही बोंब मारते, आणि तुमच्यासारखे विरळ खण असले की डळमळते. भागाकार स्वतः डोळ्यांनी बघणं बरं.

या मॉडेलची एक खोड आहे. भिंतींच्या रेषा समांतर नसल्या की पुढे कुठेतरी एकमेकींना छेदतात, आणि तिथे एखाद्या खणाची संभाव्यता शून्याखाली जाते. `fitted(m)` मधला सगळ्यात लहान आकडा बघा. उणे असेल तर मॉडेल त्या माणसांना लागू नाही.

---

रेश्मा_कौसा

वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहिते. मृण्मयीताई, तुम्ही कौशातल्या बायकांनाही हाच प्रश्न विचारलात का, "प्रार्थनास्थळी किती वेळा जाता"? आमच्याकडे बायका बहुतेक मशिदीत जात नाहीत, नमाज घरीच होते. माझी अम्मी पाच वक्ताची पक्की आहे, रमजानचा एक रोजा चुकवत नाही. तुमच्या कागदावर ती "कधीच नाही". आणि शेजारचा मुलगा जुम्म्याला जाऊन मागच्या सफेत मोबाइल बघतो, तो "आठवड्याला".

तुमच्या त्या २४ जणांत अशा किती आहेत ते आधी बघा. रिग्रेशन मला कळत नाही, पण हा प्रश्न आम्हाला विचारण्यासारखा नव्हता.

---

चरईचे_काका

रेश्माताई बरोबर बोलल्या. आमच्या सौ. पण आता कुठेच जात नाहीत. गुडघे. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि तिसरा मजला. मंगळवारी मी जाऊन तिच्या नावाने फूल वाहून येतो. तिला विचारलंत तर ती प्रामाणिकपणे "कधीच नाही" म्हणेल आणि देवघरासमोर दोन तास बसेल.

---

मृण्मयी_नौपाडा

रेश्मा, मनापासून आभार. आणि थोडी लाजही वाटली, कारण कौशात प्रश्न विचारताना दोघीतिघी हसल्या होत्या, आणि मी ते नुसतं हसणं समजले.

फाइल उघडून मोजलं. पदवीपेक्षा कमी शिकलेल्या गटात १७ मुस्लिम स्त्रिया आहेत. त्यातल्या १३ "कधीच नाही", ४ "सणाला". पदवीधरांत ६, त्यातल्या ३ "कधीच नाही" आणि ३ "सणाला". म्हणजे २४ पैकी १३ याच!

त्यांना वगळून पुन्हा भागाकार केले. पहिली भिंत १४९/५ भागिले १३२/११, म्हणजे २.४८. पण आता पी व्हॅल्यू साधारण ०.१०. तिसरी भिंत ३२/१२२ भागिले ५६/८७, म्हणजे ०.४१, आणि ही मात्र अजून भक्कम आहे, पी ०.००१ च्या आत.

काकू कुठल्या खणात जातील हे काढायला माझ्याकडे तब्येतीचा प्रश्नच नाही. वय आहे फक्त.

---

शिल्पा_संख्या

सुंदर. म्हणजे, वाईट बातमी आहे पण सुंदर. वरची भिंत टिकली. खालच्या भिंतीत अकरा आणि पाच माणसं उरली, त्यातही गुडघेवाले किती कोण जाणे. "शिक्षणामुळे देवळाशी फटकून राहणारे कमी होतात" हे वाक्य पेपरातून काढा. "दर आठवड्याला जाणाऱ्यांत पदवीधर कमी" हे ठेवा.

पण त्या २३ जणींना टाकून देऊ नका. त्यांच्यासाठी हा चलच धार्मिक सहभाग मोजत नाही, हे पेपरात स्पष्ट लिहा. घरच्या प्रार्थनेचा प्रश्न होता का?

---

मृण्मयी_नौपाडा

होता, "घरी रोज पूजा, नमाज किंवा प्रार्थना करता का", हो किंवा नाही. १७ पैकी १६ जणी हो. तो सगळ्यांसाठी वेगळ्या लॉजिटमध्ये घेते.

---

निखिल_सीवूड्स

उशिरा आलो. शिक्षणाचं झालं, पण उत्पन्न सगळेच विसरलात. मी अर्थशास्त्रातला, त्यामुळे तिथेच अडतो.

मृण्मयी, तू `log_utpanna` मध्ये घराचं उत्पन्न घेतलंयस की माणसाचं? या विषयातलं जुनं मॉडेल अझी आणि एहरेनबर्ग यांचं, १९७५ चं. त्यांचा मुद्दा वेळेचा आहे. ज्याचा तास महाग, तो देवळात तास कमी घालवेल, आणि वाटलं तर त्याऐवजी पैसे देईल. हा तास माणसाचा आहे, घराचा नाही. घोडबंदरच्या टॉवरमधल्या गृहिणीच्या घराचं उत्पन्न दोन लाख असेल, पण तिच्या दुपारच्या तासाला बाजारात भाव नाही. घराचं उत्पन्न टाकलंस तर ती आणि तिचा नवरा एकाच आकड्यावर बसतात, आणि तुझा गुणक "वेळ महाग" आणि "हातात पैसा" या दोन गोष्टींची खिचडी होतो.

शक्य असेल तर दोन्ही टाक. घराचं उत्पन्न माणशी काढून, आणि स्वतःची कमाई वेगळी. कमाई शून्य असणाऱ्यांचा लॉग निघत नाही, म्हणून "कमावते की नाही" हा वेगळा चल घे. लॉगच्या आत १ मिळवून काम भागवू नकोस, रुपयांऐवजी हजारांत मोजलंस तर उत्तर बदलतं.

वर्गणी किंवा देणगी विचारली होतीस का? तास घटून पैसे वाढतायत का ते तिथे दिसलं असतं.

---

मृण्मयी_नौपाडा

घराचंच आहे :( स्वतःची कमाई व्यवसायाच्या प्रश्नात थोड्यांनी सांगितली, सगळ्यांनी नाही. देणगी विचारली नाही. आणि घराचं उत्पन्नही ४१ जणांनी सांगायला नकार दिला. त्यातले ३४ पदवीधर, बहुतेक टॉवरवाले. मॉडेलमध्ये उत्पन्न घातलं की हे ४१ गुपचूप गळतात हे आत्ता लक्षात आलं. `vglm` ने सांगितलंही नाही.

---

आकडेमोड_ऐरोली

मग उत्पन्न घालूच नका. शिक्षणातून नोकरी, नोकरीतून उत्पन्न. उत्पन्न घातलं की शिक्षणाचा निम्मा परिणाम तुम्ही स्वतःच कापून टाकता.

---

शिल्पा_संख्या

हे तुमचं बरोबर, आणि पहिल्या दिवशीच्या "एक काढा म्हणजे दुसरं सिग्निफिकंट होईल" पेक्षा फार बरं. शिक्षणाचा एकूण परिणाम हवा असेल तर उत्पन्न बाहेर.

उत्पन्न आत घेतलं की तुलना कोणाची होते ते बघा. पदवी नाही पण घरात दीड लाख येतात, तो माणूस बहुधा दुकानदार किंवा कंत्राटदार. पदवी आहे पण वीस हजारच, तो नुकताच पास झालेला किंवा नोकरी गेलेला. "उत्पन्न सारखं ठेवून शिक्षणाचा परिणाम" म्हणजे या दोघांची तुलना. दुकानदार रोज सकाळी शटर उघडण्याआधी कोपऱ्यावरच्या देवळात जातो, कारण देऊळ वाटेत आहे आणि गिऱ्हाईकही तिथेच भेटतं. तो परिणाम शिक्षणाचा म्हणायचा का धंद्याचा?

---

निखिल_सीवूड्स

इथे मी सहमत नाही. पेपरचा प्रश्नच शिक्षण आणि उत्पन्न दोन्हींचा आहे, उत्पन्न बाहेर ठेवून कसं चालेल? आणि शिक्षणाचा "एकूण परिणाम" म्हणायलाही आईवडिलांची पार्श्वभूमी हवी. धार्मिक घरातल्या मुलांना शिकवतात की नाही, हे आधीच ठरलेलं असतं. ग्लेझर आणि सॅसरडोट यांनी अमेरिकेत हेच कोडं मांडलं होतं. एकेका माणसात शिक्षण वाढलं की चर्चला जाणं वाढलेलं दिसतं, पण पंथापंथांची तुलना केली तर जास्त शिकलेल्या पंथांत जाणं कमी. एका आकड्यात मावत नाही ते तिथेही.

---

शिल्पा_संख्या

पार्श्वभूमीचं मान्य. म्हणूनच "परिणाम" ऐवजी "संबंध" लिहावं, आणि दोन तक्ते द्यावेत, एक उत्पन्नाशिवाय ३२० वर (त्या २३ जणींबद्दल टीप देऊन), एक उत्पन्नासह २७९ वर. आणि मधे तिसरा: उत्पन्नाशिवाय, पण त्याच २७९ जणांवर. नाहीतर गुणक बदलला तो उत्पन्नामुळे की टॉवरवाले गळाल्यामुळे, ते कळणार नाही. निखिलना हे पटणार नाही बहुतेक.

---

निखिल_सीवूड्स

तिसरा तक्ता पटला. बाकी नाही.

---

मृण्मयी_नौपाडा

तिसरा तक्ता आत्ताच केला. वरच्या भिंतीचा भागाकार २७९ वर उत्पन्नाशिवाय ०.४९, उत्पन्नासह ०.५२. म्हणजे ०.४६ पासून जी थोडी हालचाल झाली त्यातली साधारण निम्मी नुसती माणसं गळाल्यामुळे. `fitted` मधला सगळ्यात लहान आकडा ०.०१, उणे नाही.

एक शेवटचं. १६ ठिकाणी २०-२० माणसं घेतली आहेत, आणि एका चाळीतली माणसं एकाच देवळात जातात. स्टँडर्ड एरर क्लस्टर करायचा ना? पण १६ क्लस्टर म्हणजे कमीच.

---

शिल्पा_संख्या

करायचा. आणि कमीच. साधा क्लस्टर्ड एरर इतक्या थोड्या गटांत खोटा आत्मविश्वास देतो. ऑर्डर्ड मॉडेलवर त्याचा चांगला उपाय माझ्या हाताशी नाही. मी असते तर वरच्या भिंतीचं साधं लॉजिट घेऊन एकेक ठिकाण वगळून सोळा वेळा चालवलं असतं आणि भागाकार किती हलतो ते बघितलं असतं. याहून चांगलं कोणाला माहीत असेल तर लिहा.

---

चरईचे_काका

सोळा ठिकाणांत आमची चरई होती का?

---

मृण्मयी_नौपाडा

नव्हती काका. पुढच्या वेळी तुमच्याकडूनच सुरुवात. आणि काकूंना तब्येतीचा प्रश्न आधी विचारणार.